पहिले तीन सेकंद शिळे झाले: एका चालू व्हिडिओ कॅम्पेनच्या नोंदी

३१ मे

कॅम्पेनचा आज एकतिसावा दिवस. चित्रकला शिकवणारं अ‍ॅप आहे, मोफत ट्रायलची नोंदणी हे एकच उद्दिष्ट, आणि जाहिराती मेटावर, उभ्या व्हिडिओंच्या. अ‍ॅड सेट, म्हणजे एकाच बजेटवर त्याच प्रेक्षकांना दाखवायच्या जाहिरातींचा गट, एकच ठेवला आहे. त्यात तीन व्हिडिओ आहेत, पण बजेटचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग एकटा 'अ' व्हिडिओ खेचतो. २४ सेकंदांचा आहे: एक हात पेन्सिलीनं डोळा काढतो, आवाज पायऱ्या सांगतो, शेवटी अ‍ॅपची स्क्रीन.

गेले तीन दिवस दर नोंदणीमागचा खर्च वर सरकतोय. सकाळी क्लायंट मॅडमचा मेसेज आला, "काहीतरी बदलायला हवं का?" मी आठवडाभर थांबू म्हटलं, आणि कारणही कळवलं. आपला हिशेब 'क्लिकनंतर सात दिवस' असा लावलेला आहे. कुणी आज क्लिक करून चार दिवसांनी नोंदणी केली, तर ती आजच्या तारखेत जाऊन बसते. त्यामुळे शेवटचे दोन-चार दिवस नेहमीच खऱ्यापेक्षा महाग दिसतात आणि मागाहून भरून येतात. त्यांच्यावर विसंबून बदल करायला गेलो तर चांगला चालणारा व्हिडिओ आपल्याच हातानं बंद पडेल.

तोवर ज्या आकड्यांना असा उशीर लागत नाही ते रोज लिहून ठेवायचे: किती वेळा दिसला, किती जणांनी तीन सेकंद पाहिला, किती जण पंधरा सेकंदांपर्यंत पोचले.

५ जून

पाचवा आठवडा (२९ मे ते ४ जून) पूर्ण झाला. तुलना दुसऱ्या आठवड्याशी केली, कारण 'अ' तेव्हा सर्वांत जोमात होता. पहिला आठवडा मेटाच्या यंत्रणेच्या शिकण्यात गेलेला असतो, तो मोजपट्टी म्हणून वापरायचा नाही.

दोनच प्रमाणं पाहिली. पहिलं 'थांबले किती': १०० वेळा व्हिडिओ समोर आला तर किती वेळा तीन सेकंद पाहिला गेला. दुसरं 'टिकले किती': तीन सेकंद थांबलेल्यांपैकी किती जण १५ सेकंदांपर्यंत गेले. त्यासाठी `ThruPlays` हा रकाना घेतो. व्हिडिओ १५ सेकंदांहून मोठा असेल तर तो १५ सेकंद पाहणं मोजतो.

दुसऱ्या आठवड्यात थांबले ३४ टक्के, आता २७. टिकले तेव्हा २९ टक्के, आता २८.

मला यातच उत्तर दिसतं. जो थांबतो त्याला व्हिडिओ आजही तेवढाच धरून ठेवतो. थांबणारेच कमी झाले आहेत. व्हिडिओचा मधला आणि शेवटचा भाग शाबूत आहे, शिळी झाली ती सुरुवात. पांढरा कागद, उजवीकडून येणारा हात, वर जाड अक्षरांतली ओळ. ते पहिले क्षण लोकांना पाठ झाले आहेत, अंगठा ते ओळखून सरकतो.

पण थांबण्याचं प्रमाण घसरलं म्हणजे थकवाच असं लगेच म्हणता येत नाही. मोसम बदलतो, जाहिरात वेगळ्या जागी जास्त दिसू लागते, तेव्हाही हा आकडा हलतो. म्हणून वयोगटांप्रमाणे फोड केली. २५–३४ वयाच्या गटात एका माणसाला आठवड्यात सरासरी ३.१ वेळा 'अ' दिसतोय. तिथे थांबणारे ३६ वरून २४ टक्क्यांवर आले. ४५–५४ च्या गटात तो १.४ वेळाच दिसतोय, आणि तिथे ३२ चे ३१ झाले, म्हणजे जवळपास काहीच बदललं नाही. जिथे पुनरावृत्ती जास्त तिथेच घसरण. मोसमाचा दोष असता तर दोन्ही गट सोबत घसरले असते. प्रत्येक गटाची तुलना त्याच्याच जुन्या आकड्याशी केली आहे. वयोगट एकमेकांशी ताडून पाहिले तर फसगत होते, कारण काही गट मुळातच कमी थांबतात.

कमेंटही वाचल्या. गेल्या दहा दिवसांत "परत तीच जाहिरात" अशा अर्थाच्या सहा आहेत. आधीच्या तीन आठवड्यांत एकही नव्हती.

८ जून

पाचव्या आठवड्याच्या नोंदण्या आता बऱ्याच भरून आल्या. वाढलेला खर्च कुठून आला, याची फोड केली.

```
खर्च प्रति नोंदणी = सीपीएम / (1000 × सीटीआर × नोंदणी दर)
```

दुसऱ्या आठवड्याचा खर्च १०० धरला. सीपीएम, म्हणजे हजार वेळा दिसण्याचा खर्च, १०० वरून १०४ झाला. सीटीआर, म्हणजे दिसल्यावर क्लिक होण्याचं प्रमाण, १.३ टक्क्यांवरून १.०२ वर आला. पेजवर आलेल्यांपैकी नोंदणी करणारे तेव्हाही ११ टक्के, आताही ११.

१.०४ गुणिले (१.३ भागिले १.०२) म्हणजे १.३३. खर्च १०० चा १३३ झाला. जाहिरातीच्या जागेचा लिलाव महागल्यामुळे तो फक्त ४ टक्क्यांनी वाढला, उरलेली सगळी वाढ सीटीआरची. आता सीटीआर किती उरला ते पाहा: आधीच्या ७८ टक्के. आणि थांबणारे किती उरले? २७ भागिले ३४, म्हणजे ७९ टक्के. दोन्ही घसरणी जवळपास जुळतात. क्लिक कमी झाले कारण थांबणारे कमी झाले, बाकी कशानं नाही. नोंदणीचं पेज आणि ट्रॅकिंग दोन्ही ठीक आहेत. ट्रॅकिंग तुटलं असतं तर नोंदणीचा दर खाली आला असता आणि थांबणाऱ्यांचा आकडा जागच्या जागी राहिला असता.

मॅडमना हाच हिशेब फोनवर सांगितला. त्यांनी विचारलं, "मग सगळं थांबवून नवीन कॅम्पेनच सुरू करूया का? ताजी सुरुवात." मी ठामपणे नको म्हटलं. मागे एका कामात मी तेच केलं होतं. नऊ दिवस खर्च दुपटीच्या आसपास राहिला, आणि सरतेशेवटी आम्ही पुन्हा त्याच प्रेक्षकांपाशी येऊन पोचलो.

कारण असं: अ‍ॅड सेट स्थिर व्हायला सात दिवसांत साधारण ५० निकाल लागतात. तोवर स्थितीच्या रकान्यात `Learning` दिसतं आणि खर्च वरखाली होत राहतो. आपल्याकडे आठवड्याला ८० च्या वर नोंदण्या येतात, म्हणजे हा उंबरठा गाठता येतो, पण फार सैलही नाही. चालू जाहिरातीतला व्हिडिओ किंवा मजकूर बदलला, टार्गेटिंग बदललं, अ‍ॅड सेटमध्ये नवी जाहिरात टाकली, सात दिवस किंवा जास्त काळ बंद ठेवून पुन्हा चालू केला, बजेट एकदम मोठ्या फरकानं हलवलं, तर शिकणं पुन्हा सुरू होतं. नवी जाहिरात टाकणं काही टळणार नाही. पण ते एकदाच, एकाच वेळी करता येतं. आज मजकूर, उद्या व्हिडिओ, परवा बजेट असं थेंबथेंब बदलत गेलं की अ‍ॅड सेट `Learning` मधून बाहेर येतच नाही.

ठरलं ते असं. अ‍ॅड सेट तोच, बजेट तेच, टार्गेटिंग तेच. 'अ' चालूच राहील, त्याला हात लावायचा नाही. व्हिडिओचा तिसऱ्या सेकंदापासून शेवटपर्यंतचा भाग तसाच ठेवायचा आणि सुरुवाती नव्या करायच्या. त्या बाहेर तपासायच्या आणि टिकतील तेवढ्याच एका रात्रीत आत आणायच्या.

१० जून

एडिटरसोबत दिवसभर बसलो. 'अ' फ्रेम-फ्रेमनं पाहिला. हात पहिल्या फ्रेममध्ये नाही, तो बाराव्या फ्रेमला आत येतो. पेन्सिल कागदाला टेकल्याचा आवाज १.१ सेकंदाला. निवेदन २.६ सेकंदाला सुरू होतं आणि पहिलं वाक्य ५ व्या सेकंदापर्यंत चालतं. इथेच अडचण निघाली. तिसऱ्या सेकंदाला कापलं तर वाक्य मधोमध तुटतं. शेवटी हात बाहुली गोल करायला वळतो त्या हालचालीवर, ३.४ सेकंदाला कट घेतला. वाक्याचा पहिला भाग पुन्हा रेकॉर्ड करून नव्या सुरुवातींवर बसवला. निवेदिका तीच होती, पण नवा आवाज थोडा चढा आला. त्याची पातळी जुन्याशी जुळवायला तासभर गेला. ही जोड कानाला खटकली तर माणूस नेमका चौथ्या सेकंदाला निघून जातो, आणि दोष मधल्या भागाचा आहे असं वाटून आपण भलतंच दुरुस्त करत बसतो.

प्रोजेक्ट फाईल जपून ठेवलेली होती आणि अक्षरं व्हिडिओत भाजलेली नव्हती, म्हणून एका दिवसात जमलं. फक्त तयार फाईल हाती असती तर सगळं नव्यानं शूट करावं लागलं असतं.

चार सुरुवाती केल्या. पहिलीत फक्त कागदाचा रंग आणि वरची ओळ बदलली. ही मॅडमची सूचना होती. मला तिच्यावर भरवसा नव्हता, पण तपासायला हरकत नाही असं ठरलं. दुसरी 'खोडरबर': वाकडा काढलेला डोळा, आणि पहिल्याच फ्रेमला रबर त्याच्यावर फिरतोय, कागदावर काळपट चुरा. तिसरी 'शिक्षिका': चेहरा थेट कॅमेऱ्यात, "डोळा काढताना आधी पापण्या काढू नका." चौथी 'उलटी': पूर्ण झालेलं सुंदर चित्र रेघ-रेघ करत मागे मिटत जातं.

'खोडरबर' पहिल्यांदा केली तेव्हा रबर सहाव्या फ्रेमला आत येत होता. एडिटर म्हणाला, "सहाच फ्रेम आहेत, काय फरक पडतो?" मी त्याला फोनवर सात-आठ व्हिडिओ भराभर सरकवत आपला मधे आणायला सांगितलं. रबर यायच्या आत त्याचाच अंगठा पुढे गेला. मग रबर पहिल्या फ्रेमलाच कागदावर टेकलेला ठेवला.

१२ जून

तपासणी सुरू. मुख्य अ‍ॅड सेटच्या बाहेर चार छोटे अ‍ॅड सेट, प्रत्येकात एकच व्हिडिओ. चारही एकाच अ‍ॅड सेटमध्ये टाकले असते तर यंत्रणेनं पहिल्या दिवशीच एकाला उचलून धरलं असतं आणि बाकीचे तिघे तपासले न जाताच राहिले असते. प्रेक्षक तेच, म्हणजे 'अ' ला कंटाळलेले. प्रश्नच त्यांचा आहे.

उद्दिष्टही नोंदणीच ठेवलं. 'व्हिडिओ पाहणं' हे उद्दिष्ट ठेवलं की तपासणी स्वस्त होते आणि थांबणाऱ्यांचा आकडा छान दिसतो. पण मग यंत्रणा सवयीनं व्हिडिओ पाहत बसणारी माणसं शोधून आणते. ती आपली माणसं नव्हेत, आणि त्यांच्यावर जिंकलेली सुरुवात मुख्य कॅम्पेनमध्ये जिंकेलच असं नाही.

प्रत्येक व्हिडिओ साधारण ४,००० वेळा दाखवायचा. चारही मिळून खर्च मुख्य कॅम्पेनच्या दीड दिवसाइतका. ४,००० दर्शनांवर थांबण्याचं प्रमाण साधारण दीड टक्का इकडेतिकडे होऊ शकतं. २७ आणि ३४ मधला फरक ओळखायला एवढं पुरे. नोंदण्या मात्र एका व्हिडिओमागे पाचेक येतील. तेवढ्यावरून कुठला स्वस्त आणि कुठला महाग हे ठरवणं म्हणजे नाणं उडवणं. म्हणून या तपासणीत खर्चाचा रकाना मी पाहणार नाही. निकाल पुरेसे नसल्यानं हे छोटे सेट `Learning limited` दाखवतील, दाखवू देत.

१६ जून

आकडे आले. थांबले आणि टिकले दोन्ही मिळून पाहायचे, म्हणजे १०० वेळा दिसल्यावर किती जण १५ सेकंदांपर्यंत पोचले ते. 'अ' जोमात असताना हा आकडा ९.९ होता, आता ७.६ आहे.

रंग बदललेली सुरुवात: थांबले २८, टिकले २८, गुणाकार ७.८. म्हणजे 'अ' च. कागद पिवळसर केला तरी लोक हात आणि मांडणी ओळखतात. मॅडमना आकडा दाखवला, त्यांना पटला.

'उलटी' सगळ्यांत जास्त थांबवते, ४१ टक्के. पण टिकतात फक्त १७, गुणाकार ७.०, म्हणजे दमलेल्या 'अ' पेक्षाही कमी. नुसतं थांबणं पाहून निवडलं असतं तर हीच निवडली असती. ती एक जादू दाखवते आणि लगेच मागून पायऱ्यांचा धडा सुरू होतो. जादू पाहायला थांबलेला माणूस धड्याला बसत नाही. सुरुवात चांगली आहे, पण ती या व्हिडिओची सुरुवात नाही.

'खोडरबर': ३७ आणि २७, गुणाकार १०. 'शिक्षिका': ३१ आणि ३४, गुणाकार १०.५. शिक्षिका कमी लोकांना थांबवते, पण थांबतात ते ज्यांना खरंच डोळा काढायचा आहे ते. या दोन्ही आत घेतोय.

एक मनाशी धरून ठेवतो: हे आकडे नवेपणाचे आहेत. प्रत्येकानं या सुरुवाती एकदा, फार तर दोनदा पाहिल्या आहेत. मुख्य कॅम्पेनमध्ये त्या थोड्या खाली येतीलच.

१७ जून

रात्री साडेअकराला दोन्ही जाहिराती मुख्य अ‍ॅड सेटमध्ये टाकल्या. व्हिडिओ नव्यानं अपलोड केला नाही. `Use existing post` निवडून तपासणीतल्याच पोस्ट वापरल्या, म्हणून पाच दिवसांत जमलेल्या लाईक आणि कमेंट सोबत आल्या. 'शिक्षिका' खाली एकानं विचारलं होतं, "मी डावखुरा आहे, हात फिरवायची दिशा उलटी ठेवायची का?" आम्ही सविस्तर उत्तर दिलं होतं, आणि त्याच्याखाली आणखी सात डावखुरे जमले होते. ती चर्चा नव्या पोस्टवर पुन्हा उभी करता आली नसती. 'अ' च्या जुन्या कमेंट मात्र 'अ' पाशीच राहतात, त्या नव्या व्हिडिओवर नेता येत नाहीत. 'अ' बंद न करण्याचं तेही एक कारण.

चारही तपासणी सेट बंद केले, नाहीतर आपलेच सेट एकाच प्रेक्षकासाठी एकमेकांच्या आड येत राहिले असते. स्थिती: `Learning`. अपेक्षित.

१९ जून

कालचा खर्च १६०. मॅडम अस्वस्थ. "'अ' बंद करा ना, तोच पैसे खातोय." मी म्हटलं, "मॅडम, आज 'अ' बंद केला तर यंत्रणेच्या हातातली एकमेव ओळखीची गोष्ट जाते. मला २५ तारखेपर्यंत द्या. तोवर काहीही हलवायचं नाही, बजेटसुद्धा नाही." त्या तयार झाल्या. हा एक दिवस माझ्यासाठीही कठीण गेला, पण शिकण्याच्या काळातला एका दिवसाचा आकडा म्हणजे निकाल नव्हे.

२५ जून

`Learning` सहाव्या दिवशी गेलं. १८ ते २४ जूनचा खर्च ११८, त्यात सुरुवातीचे दोन महाग दिवस धरून. शेवटचे दिवस अजून भरून यायचे आहेत.

८ जुलै

२५ जून ते १ जुलै या आठवड्याच्या नोंदण्या आता पूर्ण धरता येतील. खर्च १०७. त्यातले चार सीपीएमचे, ते माझ्या हातात नाहीत.

बजेट यंत्रणेनंच वाटून घेतलं: 'शिक्षिका' ४५ टक्के, 'अ' ३०, 'खोडरबर' २०, उरलेलं जुन्या दोन व्हिडिओंना. 'अ' एका माणसाला आठवड्यात २.३ वेळा दिसायचा, आता १.३ वेळा दिसतो, आणि त्याचे थांबणारे २७ वरून ३० वर आले. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तो संपला नव्हता, त्याला विश्रांती हवी होती.

पूर्ण अ‍ॅड सेटची वारंवारता मात्र होती तेवढीच आहे. तीच माणसं, तेवढंच बजेट, मग ती कमी कशी होणार? माणसाला आपली जाहिरात किती वेळा दिसली यापेक्षा तोच व्हिडिओ किती वेळा दिसला, हे पाहायला हवं. यापुढे रोजच्या पत्रकात वारंवारता व्हिडिओप्रमाणे लिहायची, अ‍ॅड सेटची नाही.

पुढच्या वेळी कधी हलायचं तेही लिहून ठेवलं. थांबण्याचं प्रमाण त्याच व्हिडिओच्या सर्वोत्तम आठवड्यापेक्षा १५ टक्क्यांनी खाली गेलं, म्हणजे ३४ चे २९ झाले, आणि सलग दोन आठवडे तसंच राहिलं, तर नवी सुरुवात. थांबणं ठीक पण टिकणं घसरलं, तर सुरुवातीला हात लावायचा नाही, मधला भाग बदलायचा. दोन्ही ठीक आणि क्लिकच कमी, तर शेवटची स्क्रीन तपासायची. या वेळी पाचव्या आठवड्याची वाट पाहिली, पण चौथ्या आठवड्यातच थांबणारे ३० वर आले होते. ही मर्यादा ओलांडली नव्हती, तरी तेव्हाच सुरुवातींचं काम हाती घेतलं असतं तर एक महाग आठवडा वाचला असता.

२५–३४ च्या गटात एक गोष्ट दिसू लागली आहे. 'शिक्षिका' वर टिकणारे ३४ वरून ३० झाले. सुरुवात नवी असली तरी चौथ्या सेकंदानंतर तोच डोळा आणि तीच बाहुली त्यांना भेटते. एकाच मधल्या भागावर तिसरी सुरुवात चिकटवून चालेल असं मला वाटत नाही. मधला भाग नव्यानं शूट करायला मॅडमनी होकार दिला आहे. या वेळी डाव्या हातानं काढायचं, विषय कान. पहिले चार सेकंद वेगळे शूट होतील, आणि निवेदनाचं पहिलं वाक्य कटच्या आत संपेल असं लिहायला निवेदिकेला सांगितलं आहे.